भाषणातल्या मोकळ्या जागा

आमच्या प्राचार्यांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक म्हणजे स्वतःचा आवाज आणि दुसरी म्हणजे कॉलेजचा टेपरेकॉर्डर. टेपरेकॉर्डरसाठी त्यांनी घरून क्रोशाचं झाकण विणून आणलं होतं. आवाजाला झाकण घालायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

हे दुष्काळातलं सांगतेय, बाहत्तर-त्र्याहत्तरचं. प्रवरेकाठच्या एका तालुक्याच्या गावात आमचं नवंकोरं कॉलेज होतं आणि मी तिथे केमिस्ट्री शिकवायचे. नोकरी हंगामी. एप्रिलमध्ये कायम करू म्हणून प्राचार्य सांगायचे, आणि कुणाचं काही अडलं की त्या एप्रिलची आठवणही तेच करून द्यायचे.

गावाबाहेर साखर कारखान्याच्या माळावर जनावरांची छावणी पडली होती. पाथर्डी-शेवगावकडची माणसं आपली गुरं घेऊन तिथे येऊन राहिली होती. आमच्या कॉलेजचे शिपाईमामा त्याच बाजूचे. त्यांचे दोन बैल छावणीत होते. घंटा वाजवून झाली की मामा सायकल काढायचे आणि बैलांना बघून यायचे. घरी जमीन होती, पण पेरायला पाणी नव्हतं. तरी पाऊस आलाच तर नांगराला बैल हवेत, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं सगळं घर तग धरून होतं. सुट्टीत मला ते बैलांच्या खोड्या सांगायचे, जसं कुणी नातवंडांचं सांगावं.

छावणीतला कडबा संपत आला, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांना वाटलं, कॉलेजने काहीतरी करावं. म्हणून जनावरांच्या आहारातले एक तज्ज्ञ डॉक्टर व्याख्यानाला बोलावले. विषय असा, की उसाचं पाचट, गव्हाचं भुसकट असलं निकस काहीतरी युरिया आणि कारखान्यातल्या मळीचं पाणी शिंपडून जनावराला कसं खाऊ घालायचं. म्हणजे अगदी कामाचा विषय. प्राचार्यांनी तिथल्या तिथे अध्यक्षांना शब्द देऊन टाकला: व्याख्यान टेप करू, त्याचं पत्रक छापू आणि छावणीत वाटू. छावणीच्या व्यवस्थापकाने पत्रकात लिहिलंय तसं मिश्रण करायला सुरुवात करायची, असंही ठरलं.

आता युरिया म्हणजे काही मीठ नव्हे, की हाताच्या अंदाजाने घातलं. जनावराच्या पोटात गेला की त्याचा अमोनिया होतो. थोडा थोडा झाला तर पोटातले जंतू तो वापरतात आणि जनावराला ताकद येते. एकदम जास्त झाला, किंवा उपाशी जनावराने अधाशासारखा खाल्ला, तर तोच अमोनिया रक्तात चढतो आणि जनावर पाय झाडून मरतं. एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. किती म्हणजे जास्त, ते मात्र ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायलाच तर पाहुणे येणार होते.

पाहुणे आले. हॉलवर पत्रे, छताला एक पंखा, आणि तोही कुईकुई करणारा. मग वीज गेली, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर लावला. पण सेलात जीव किती उरला होता? सकाळपासून प्राचार्यांनी आपल्या खोलीत त्याच सेलांवर "हॅलो हॅलो" करून आपलं परिचयाचं भाषण टेप करून बघितलं होतं, ऐकलं होतं, पुन्हा टेप केलं होतं. माइक ठेवला होता स्वतःच्या खुर्चीसमोर. पाहुणे उठून गेले फळ्यापाशी, तिकडे लांब. कुणी म्हणालं, माइक तिकडे सरकवू या का, तर प्राचार्यांनी हाताने "राहू द्या" केलं. नंतर आभाराला त्यांनाच लागणार होता ना!

आणि गंमत अशी, की मशीन चालू आहे म्हटल्यावर हॉलमध्ये कुणीसुद्धा पेन उघडलं नाही. मी मागे मुलींना गप्प बसवत होते, मला एक शब्द धड ऐकू येत नव्हता, आणि तरी मीही निवांत होते. टेप आहे की! पाहुण्यांनी फळ्यावर काहीबाही लिहिलं, तेही दुसऱ्या दिवशी मामांनी नेहमीसारखं पुसून टाकलं. बिचाऱ्यांना कुणी पुसू नका म्हणून सांगितलं नव्हतं.

टेपवरून भाषण उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर माझं अक्षर चांगलं. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत बसून मी टेप लावला. अहाहा! प्राचार्यांचा परिचय काय स्वच्छ! त्यांच्या श्वासासकट, खाकरण्यासकट. त्यांनी कोपराने सारलेली फुलदाणीसुद्धा ऐकू येत होती. मग पाहुणे बोलायला लागले, आणि विहिरीच्या तळाशी कुणीतरी चिमणी सोडल्यासारखा आवाज यायला लागला. फिजिक्सच्या सरांनी कारण सांगितलं. सेल उतरल्यामुळे टेप भरताना हळू फिरला होता, म्हणून आता नव्या सेलांवर तो जोरात फिरतोय आणि आवाज बारीक होतोय. मग आम्ही तेच उतरलेले सेल परत घालून बघितले. चिमणीचा माणूस झाला, पण लांबचा माणूस लांबच राहिला, आणि वर त्या पंख्याची... नाही, पंखा तर बंद होता. पंख्याच्या जागी प्राचार्य पाहुण्यांचा हार गुंडाळून आलेल्या कागदाने वारा घेत होते. तो कागद माइकशेजारी खसखस खसखस.

मी माझ्यापुरते नियम ठरवले. नीट ऐकू येईल ते साधं लिहायचं. वाटतंय पण खात्री नाही, त्या शब्दाला कंस आणि आत प्रश्नचिन्ह. काहीच कळत नाही, तिथे ठिपक्यांची ओळ. आणि समासात टेपरेकॉर्डरच्या काउंटरचा आकडा, म्हणजे कुणालाही ती जागा पुन्हा काढून स्वतःच्या कानाने ऐकता यावी. टाळ्या असतील तर टाळ्या, खसखस असेल तर खसखस, तेही लिहायचं. प्रयोगवहीत आपण नाही का लिहीत, की द्रावण सांडलं? सांडलं तर सांडलं. मापून घेतल्यासारखं दाखवायचं नाही.

बरंच भाषण हाती लागलं. युरिया आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग मळी घाला, पाचटावर सगळीकडे सारखं शिंपडा, खडा राहू देऊ नका, लहान वासरांना अजिबात देऊ नका. पण नेमकं युरिया किती, त्या जागी हाराचा कागद खसखसला. माझ्या कागदावर त्या ओळीत एवढंच उतरलं:

"युरिया ............ ग्रॅम ............ (सांगणार?) ............ जनावराचं वजन ............"

कितीदा ऐकलं, काही भर पडेना. मामा चहा घेऊन आले तेव्हा त्यांना म्हटलं, "मामा, जरा कान लावा. मी काही सांगत नाही, तुम्हाला काय ऐकू येतं तेवढं सांगा." मामांनी टोपी काढून कान लावला. मग म्हणाले, "न्हाई कळत बाई. ग्रॅम म्हनल्यात, त्येवढं खरं." आणि थोड्या वेळाने, "त्यातच किती घालायचं त्ये हाय व्हय?"

म्हटलं, "हो."

"माजी बैलं हायेत तिथं," मामा म्हणाले आणि कप उचलून गेले.

मी कागद प्राचार्यांपुढे ठेवला. त्यांनी तो चष्म्याखालून बघितला, चष्म्यावरून बघितला. "बाई, हे काय? भाषण आहे की उंदरांनी कुरतडलेला कागद?"

मी म्हटलं, "सर, ऐकू आलं तेवढं आहे."

"अहो, पण अध्यक्षांना हे दाखवू? एवढ्या मोठ्या माणसाच्या भाषणाला भोकं? जरा संदर्भाने भरायचं असतं. तुम्ही सायन्सवाल्या, तुम्हाला सफाई नाही." असं म्हणून त्यांनी लाल शाई काढली आणि माझ्यादेखत भोकं बुजवायला घेतली. "पाणी ......... विरघळवा" मध्ये त्यांनी "गंगेसारखे निर्मळ" घातलं. वासरांच्या आधी "गोमातेची कोवळी लेकरे" आली. एका ठिकाणी तर पाहुण्यांच्या तोंडी आख्खं संस्कृत सुभाषित घातलं. मी मनात घाला म्हटलं, सुभाषित खाऊन बैल मरत नाही.

मग ते युरियाच्या ओळीपाशी आले, आणि इथे मात्र त्यांनी छातीठोकपणे एक आकडा सांगितला. "मी समोर बसलो होतो. या कानांनी ऐकलंय." समोर बसलेले अर्थशास्त्राचे सर तिथेच होते. त्यांनीही या कानांनी ऐकलं होतं, पण त्यांचा आकडा दुप्पट. इतिहासाच्या सरांना हाक मारली. त्यांचा तिसराच. आकडे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. अजूनही कुणीतरी वाचेल आणि करून बसेल. आपल्या माणसांचा काही भरवसा नाही.

म्हटलं, टेप ऐकू या. सगळे प्रयोगशाळेत आले. मी इतिहासाच्या सरांच्या कानात हळूच म्हटलं, प्राचार्यांना अमुक आकडा ऐकू आला बरं का. टेप लागला, खसखस झाली आणि सर ओरडले, "बरोब्बर! हाच!" दोन मिनिटांपूर्वीचा स्वतःचा आकडा ते विसरूनही गेले. मग भूगोलाचे सर आले, जे व्याख्यानाच्या दिवशी गावातच नव्हते. त्यांना मी चौथाच, मनाचा आकडा सांगितला. त्यांना तो ऐकू आला. शिवाय म्हणाले, "स्वच्छ आहे की हो बाई, तुमच्या कानात मळ असेल."

मी म्हटलं, "सर, हा आकडा मी आत्ता मनाने बनवला."

हसले फक्त फिजिक्सचे सर. बाकीच्यांचे चेहरे असे झाले, जणू मीच पाहुण्यांच्या गळ्यातला हार चोरला.

"पाहुण्यांनाच विचारू या ना," मी म्हटलं. "मी त्यांना हा कागद दाखवते, ते मोकळ्या जागा भरतील."

प्राचार्य खुर्चीत सरळ झाले. "विचारायचं? म्हणजे आपण ऐकलं नाही असं त्यांना कळवायचं? संस्थेची अब्रू आहे की नाही काही!"

आणि मग त्यांनी काय केलं, तर स्टाफ मीटिंग बोलावली. हसू नका, खरंच सांगते. मीटिंगमध्ये युरियाचा आकडा मताला टाकला. हात वर करून. भाषेचे, तर्कशास्त्राचे, खेळाचे सर, ज्यांनी आयुष्यात कधी गाईला गवताची काडी घातली नसेल, त्यांनी हात वर केले. अर्थशास्त्राच्या सरांचा आकडा बहुमताने मंजूर झाला. दुप्पटवाला! प्राचार्यांनी मोठ्या मनाने आपला मागे घेतला, कारण अर्थशास्त्राचे सर अध्यक्षांच्या नात्यातले. विरोधात मी आणि फिजिक्सचे सर. प्राचार्य मला म्हणाले, "बाई, एप्रिल जवळ आलाय हं." दारात मामा पाण्याची तांब्या-भांडी घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. एवढा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता. सगळ्यांना बाहेर नेऊन ते पाचट स्वतः खायला लावावं असं वाटलं.

पत्रक सोमवारी छापखान्यात जाणार होतं. रविवारी सकाळी मी एसटी स्टँडवर गेले तर मामा तिथे आधीच उभे. "म्या जागा धरलीया बाई," म्हणाले. मी कुठे जाणार हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. "आन् सायबांनी इचारलं तर?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "रविवारी मी कुठे जाते ते विचारायला ते माझे कोण?" मामा खूश होऊन हसले.

व्याख्यानाचे पाहुणे डॉक्टर घरीच होते. बनियनवर, पेपर वाचत. मी चोरी करायला आल्यासारखी घाबरत घाबरत कागद पुढे केला आणि म्हटलं, "सर, तुमचं भाषण आम्हाला सगळं ऐकू आलं नाही. जिथे नाही आलं, तिथे जागा सोडलीय."

त्यांनी कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मग आत जाऊन कपाटातून छापील अंकांचा एक गठ्ठा घेऊन आले. "बसा. ही माझी भाषणं. ठिकठिकाणच्या संस्थांनी छापलेली. या इथल्या भाषणात मी संस्कृत बोललोय. मला संस्कृत येत नाही. या इथे मी गोठ्यातल्या माश्यांवर बोललो होतो, छापलंय मासे. वर तळ्याचं वर्णनपण घातलंय." ते हसत होते, पण हसणं फार काही गोड नव्हतं. "एवढ्या वर्षांत मी काय बोललो ते मला विचारायला आलेल्या तुम्ही पहिल्या."

मी युरियाच्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, इथे आकडा कुठला? आमच्याकडे समोर बसलेल्यांनी आकडे ऐकलेत. बहुमताने एक ठरवलाय."

"बहुमताने?" ते म्हणाले आणि चष्मा काढला. "आकडा? अहो, आकडा मी सांगितलाच नाही."

मामा ओट्यावर बसले होते, ते उठून दारात आले.

डॉक्टरांनी पेन घेतलं आणि माझ्या ठिपक्यांवर लिहायला लागले. एकेक शब्द मोठ्याने म्हणत. "युरिया किती ग्रॅम घालायचा, ते मी इथे सभेत सांगणार नाही. आधी गुरांच्या डॉक्टरला छावणीत आणा, जनावराचं वजन आणि तब्येत त्याला बघू द्या, आणि तो सांगेल तेवढंच, थोड्यापासून सुरू करा. उपाशी जनावराला एकदम देऊ नका." लिहून झाल्यावर म्हणाले, "मी मुद्दाम ठासून सांगितलं होतं. छावणीतली गुरं उपासाने खंगलेली असतात, त्यांना ठोक माप लागू पडत नाही. आणि तुमच्या लोकांनी ठोक मापच ऐकलं? कमाल आहे!"

म्हणजे बघा. ग्रॅम तिथे होतं, सांगणार होतं, जनावराचं वजनही होतं. नव्हता तो फक्त आकडा, आणि सगळ्यांना ऐकू आला होता तोच. मी एक प्रश्नचिन्ह काढून तिथे आकडा बसवला असता तर ते वाक्य किती गुळगुळीत झालं असतं! परतीच्या एसटीत तो कागद मी पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. मामांनी हातातल्या पिशवीतली भाकरी मोडून अर्धी मला दिली.

सोमवारी मी डॉक्टरांच्या सहीचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. ते बराच वेळ वाचत बसले. मी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडून टाकलं होतं. शेवटी त्यांनी मान वर केली.

"पाहुणे आपल्या कॉलेजबद्दल काय म्हणाले?"

"तुमचा परिचय फार स्पष्ट होता म्हणाले," मी ठोकून दिलं.

चेहरा उजळला हो त्यांचा! लाल शाईचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला. पत्रक छापून आलं, त्यात पहिलं आख्खं पान प्राचार्यांचा परिचय आणि मागच्या पानावर डॉक्टरांचं भाषण. पण ती ओळ मात्र ठळक अक्षरांत होती, छापखान्यात मी स्वतः उभी राहून करून घेतली होती. छावणीच्या व्यवस्थापकाने पत्रक वाचून गुरांच्या डॉक्टरला बोलावून घेतलं. त्यांनी गुरं बघितली, कितीतरी गुरांना युरिया नकोच म्हणून बाजूला काढलं. त्यात मामांचा एक बैल होता.

अर्थशास्त्राच्या सरांनी पत्रकाची वाट बघितली नव्हती. मंजूर झालेला आकडा त्यांनी त्याच रविवारी आपल्या सासुरवाडीला कळवला होता. तिथे एक म्हैस मेली. दुभती म्हैस, तीसुद्धा दुष्काळात. सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "ती मुळातच अशक्त होती. आकडा बरोबरच होता, या कानांनी ऐकलाय मी." मला त्या म्हशीसाठी आणि तिच्या मालकिणीसाठी इतकं वाईट वाटलं, की मी तरातरा प्रयोगशाळेत गेले. म्हटलं, आज टेप आणून यांच्या या कानांनाच ऐकवते.

टेप लावला. प्राचार्यांचा आवाज आला. पाहुण्यांच्या जागीही प्राचार्यांचाच आवाज आला. स्नेहसंमेलनाचं भाषण त्यांनी त्याच टेपवर भरून ठेवलं होतं, माइक जवळ घेऊन.

मला एप्रिलमध्ये कायम केलं. का केलं ते आजही मला कळलेलं नाही. अक्षर चांगलं म्हणून असेल.

छावणी उठली त्या दिवशी मामा गावी जायला निघाले. रस्ता सोडून मुद्दाम कॉलेजच्या आवारातून त्यांनी बैलजोडी आणली. बरगड्या दिसत होत्या, पण दोन्ही बैल आपल्या पायांनी चालत होते. प्राचार्य व्हरांड्यात उभे होते. "वा मामा, बैल छान राखलेत!" ते म्हणाले.

"व्हय साहेब," मामा म्हणाले, "तुमी भाषान लई झ्याक छापलं हुतं."

प्राचार्यांनी मान डोलावली. मामांनी माझ्याकडे बघितलं, आणि जो बैल बाजूला काढला होता त्याची वेसण धरून त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि सगळ्या स्टाफसमोर मला रडू फुटलं.